ओव्हरऑल सात, रायटिंग सहा: पुन्हा आयईएलटीएस द्यायची की टोफल?

प्रश्न: सर, मी अमळनेरची, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. तीन आठवड्यांपूर्वी कॉम्प्युटरवर आयईएलटीएस अकॅडमिक दिली. लिसनिंग 7.5, रीडिंग 7, रायटिंग 6, स्पीकिंग 6.5, ओव्हरऑल 7. एमएससाठी जर्मनी, यूके आणि अमेरिका अशा तिन्हीकडे अर्ज करायचे आहेत. क्लासवाले म्हणतात रायटिंग 6 चालत नाही, टोफल दे, ती सोपी आहे. पप्पा म्हणतात ओव्हरऑल सात आहे ना, मग पुन्हा एवढी फी कशाला? विद्यापीठं नक्की काय बघतात?

उत्तर:

आधी तुझ्या चार आकड्यांची बेरीज कर. 7.5, 7, 6 आणि 6.5 मिळून 27 होतात. चारने भागले की 6.75 येतात. आयईएलटीएसमध्ये सरासरी जवळच्या अर्ध्या बँडवर नेतात, आणि .25 किंवा .75 आले तर वरच्या बाजूला नेतात. म्हणून 6.75 चे 7 झाले. म्हणजे तुझा सात हा काठावरचा सात आहे. एका विभागात अर्धा बँड कमी पडला असता तर सरासरी 6.625 होऊन ओव्हरऑल 6.5 छापून आले असते. पप्पांना वाटतंय त्याइतका तो भक्कम नाही आणि क्लासवाल्यांना वाटतंय तितका तुझा सहाही वाईट नाही.

जळगावात मी हे काम बरीच वर्षं करतोय. दर हंगामात ऐकू येणारा पहिला प्रश्न ठरलेला, "तुना स्कोर कितला उना?" पोरगं एक आकडा सांगतं, ओव्हरऑल. घरचे तोच आकडा नातेवाइकांना सांगतात. विद्यापीठाचं प्रवेश कार्यालय मात्र एकाच वेळी पाच आकडे बघतं, ओव्हरऑल आणि चार विभाग, आणि बहुतेक ठिकाणी ते चाळणीसारखं बघतं. अट 6.5 ची असेल तर 6.5 वाला आणि 8 वाला दोघंही चाळणीतून सारखेच पुढे जातात. आठवाल्याला त्याबद्दल सहसा जास्तीचे गुण मिळत नाहीत. पुढे सीजीपीए, विषय, प्रोजेक्ट आणि एसओपी यांवर निवड होते. त्यामुळे स्कोर अजून किती वाढवता येईल हा प्रश्न बाजूला ठेव. तू निवडलेल्या नेमक्या कोर्सच्या चाळणीत कोणता विभाग अडकतो, तेवढं शोध.

आता तुझे तीन देश घेऊ.

जर्मनीत बऱ्याच इंग्रजी अभ्यासक्रमांना एकूण आकडाच पुरतो. म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठाचं उदाहरण घे. तिथे इंग्रजी अभ्यासक्रमांसाठी आयईएलटीएस 6.5 किंवा जुन्या 120 च्या मोजपट्टीवर टोफल 88 अशी अट बरीच वर्षं चालत आली आहे. तुझे 7 तिथे पुरेसे आहेत. काही विद्यापीठं विभागवार अट घालतात, म्हणून कोर्सचं पान वाचायचंच. पण फक्त जर्मनीसाठी तू दुसऱ्या परीक्षेची फी भरावीस असं मला दिसत नाही. तिथला तुझा खरा वेळ एपीएस प्रमाणपत्रात जाणार आहे. ते नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना लागतं, त्यात मार्कशीट तपासल्या जातात, आणि त्याचा इंग्रजीच्या स्कोरशी संबंध नाही. ते अजून सुरू केलं नसशील तर हे उत्तर पुढे वाचण्याआधी ते काम सुरू कर.

तुझा सहा अडकतो तो यूकेमध्ये. तिथे अट साधारण अशी लिहिलेली असते: "ओव्हरऑल 6.5, कोणताही विभाग 6 पेक्षा कमी नको." किंवा "ओव्हरऑल 6.5, प्रत्येक विभागात 6.5." दोन्ही वाक्यांत ओव्हरऑल 6.5 च आहे आणि तुझ्याकडे 7 आहेत. तरी पहिल्या वाक्यात तू पास आहेस आणि दुसऱ्यात नापास. एकाच विद्यापीठात इंजिनिअरिंगला पहिली अट असते आणि मॅनेजमेंटला किंवा कायद्याला दुसरी. विद्यापीठाचं मुख्य पान बघून ठरवणारी मुलं इथेच फसतात. मुख्य पानावर विद्यापीठाची किमान अट असते, तुझ्या कोर्सची अट कोर्सच्या पानावर सापडते.

व्हिसाची अट त्याहून वेगळी आणि खालची असते. पदवी पातळीच्या शिक्षणासाठी यूके सरकार चारही विभागांत बी-टू पातळी मागतं, म्हणजे आयईएलटीएसमध्ये प्रत्येकी 5.5. तुझे सहा त्यात बसतात. शिवाय पदवी आणि त्यापुढच्या कोर्ससाठी मान्यताप्राप्त विद्यापीठाला तुझं इंग्रजी स्वतः तपासून मान्य करता येतं. तेव्हा "सहावर व्हिसा मिळत नाही" असं कोणी सांगत असेल तर तो व्हिसा आणि प्रवेश या दोन गोष्टींची खिचडी करतोय.

अमेरिकेत स्टुडंट व्हिसासाठी सरकारने ठरवलेला असा किमान आकडा नाही, विद्यापीठाचाच चालतो. पण तिथे दोन दारं असतात. ग्रॅज्युएट स्कूलची एक किमान अट असते आणि डिपार्टमेंट त्यावर आपली अट चढवू शकतं. डिपार्टमेंटची अट जास्त असेल तर तीच पाळावी लागते. एमएसला स्वतःच्या पैशांवर जाणार असशील तर बहुतेक वेळा ओव्हरऑल 6.5 किंवा 7 वर भागतं. टीचिंग असिस्टंटशिप हवी असेल तर मात्र स्पीकिंग हा विभाग एकदम वेगळ्या तराजूत जातो, कारण तू पदवीच्या मुलांसमोर उभी राहून शिकवणार असतेस. बऱ्याच विद्यापीठांत त्यासाठी जुन्या मोजपट्टीवर टोफलच्या स्पीकिंगमध्ये 24, 26 असे आकडे मागतात, किंवा तिथे गेल्यावर स्वतःची तोंडी परीक्षा घेतात. तुझे स्पीकिंग 6.5 प्रवेशाला चालतील, असिस्टंटशिपला बहुधा कमी पडतील. तू सगळी चिंता रायटिंगची करते आहेस, पण अमेरिकेत पैशाचा प्रश्न स्पीकिंगवर अडू शकतो. हे तुला क्लासमध्ये कोणी सांगितलं नसेल.

आता टोफल सोपी का? या प्रश्नाला मी सरळ उत्तर देत नाही, म्हणून काही पालक वैतागतात. पण परीक्षा सोपी असणं वेगळं आणि त्या परीक्षेचं दार रुंद असणं वेगळं. एक उदाहरण देतो.

भुसावळचा एक विद्यार्थी होता, टोफल जुन्या पद्धतीची असतानाचा. त्याला रीडिंगला 29, लिसनिंगला 28, स्पीकिंगला 23 आणि रायटिंगला 28 मिळाले, एकूण 120 पैकी 108. घरी पेढे वाटून झाले होते. त्याला ऑक्सफर्डला अर्ज करायचा होता. ऑक्सफर्डची तेव्हाची नेहमीची पातळी अशी होती: आयईएलटीएसला ओव्हरऑल 7 आणि प्रत्येक विभागात 6.5, टोफलला एकूण 100 आणि त्यात लिसनिंग 22, रीडिंग 24, स्पीकिंग 25, रायटिंग 24. एकूण गुणांत तो आठने पुढे होता आणि स्पीकिंगमध्ये दोनने मागे. म्हणजे अट पूर्ण नाही.

पण मला यात रस वाटला तो दुसऱ्याच गोष्टीत. टोफल घेणाऱ्या ईटीएसने दोन्ही परीक्षांची तुलना करणारा तक्ता फार पूर्वी काढला होता. त्यात आयईएलटीएस स्पीकिंग 6.5 म्हणजे टोफलचे 20 ते 22, आणि 23 म्हणजे 7. त्या तक्त्याप्रमाणे या मुलाचं बोलणं सात बँडच्या जवळपास होतं, आणि आयईएलटीएसच्या दारातून जायला त्याला फक्त 6.5 लागत होते. म्हणजे त्या विद्यापीठात स्पीकिंगपुरतं टोफलचं दार अरुंद होतं. रीडिंगचंही थोडं तसंच: 24 हा आकडा त्या तक्त्यात सातच्या खान्यात पडतो. रायटिंगचे 24 मात्र बरोबर 6.5 च्या खान्यात, तिथे दोन्ही दारं सारखी. त्या मुलाने मग आयईएलटीएस दिली आणि स्पीकिंगला 7 आणले. त्याच्या बोलण्यात त्या सहा आठवड्यांत काही क्रांती झाली नव्हती. दार बदललं होतं.

म्हणून तू हे कर. तुझ्या यादीतल्या प्रत्येक कोर्सच्या पानावर दोन्ही परीक्षांचे विभागवार आकडे शेजारी शेजारी लिही आणि तुझ्या कच्च्या विभागासाठी कोणत्या रकान्यातली मागणी कमी आहे ते बघ. वहीच्या एका पानावर मावतं. तुझा कच्चा विभाग रायटिंग आहे आणि ऑक्सफर्डसारख्या तक्त्यात रायटिंगपुरता तुला टोफलचा फायदा दिसत नाही. दुसऱ्या विद्यापीठात दिसू शकतो. काही विद्यापीठं टोफलला फक्त एकूण आकडा लिहितात आणि आयईएलटीएसला प्रत्येक विभाग. तिथे टोफल देणाऱ्याला रायटिंगची अडचण येतच नाही.

आता टोफलबद्दल एक गोष्ट, जी जुन्या पुस्तकांवर चालणाऱ्या क्लासेसमध्ये अजून पोचलेली नाही. 21 जानेवारी 2026 पासून टोफल बदलली. स्कोर आता 1 ते 6 अशा मोजपट्टीवर अर्ध्या अर्ध्याने येतो आणि एकूण स्कोर ही चार विभागांची सरासरी असते, जवळजवळ आयईएलटीएससारखीच. रीडिंग आणि लिसनिंग तुझ्या उत्तरांप्रमाणे सोपं-अवघड होत जातं. मधल्या दोन वर्षांत निकालपत्रावर जुन्या 120 च्या मोजपट्टीतला एकूण आकडाही देतात. गोंधळ होतो तो विभागांच्या आकड्यांत. विद्यापीठाच्या पानावर "स्पीकिंग 22" असं जुनंच लिहिलेलं असेल आणि तुझ्या निकालावर स्पीकिंग 4.5 असेल, तर तू स्वतः तक्ता लावून "मी पास" असं ठरवू नकोस. त्या कार्यालयाला ईमेल करून विचार, की नव्या मोजपट्टीवर या विभागाची तुमची किमान अट किती आहे. लेखी उत्तर जपून ठेव.

नव्या टोफलमध्ये रायटिंगही बदललंय. वाक्य जुळवायचं, एक ईमेल लिहायचा आणि वर्गातल्या चर्चेला उत्तर द्यावं तसा एक छोटा मजकूर लिहायचा. आयईएलटीएसला मात्र तासाभरात दोन मजकूर: पहिला किमान 150 शब्दांचा, आलेख किंवा तक्त्यावर, दुसरा किमान 250 शब्दांचा निबंध, आणि निबंधाचं वजन पहिल्याच्या दुप्पट. तुझा सहा नेमका कुठून आला यावर परीक्षा बदलायची की नाही हे ठरतं. आमच्याकडे येणाऱ्या सहा बँडच्या दहा वह्या उघडल्या तर सात-आठ वह्यांत मला तेच दिसतं. पहिला परिच्छेद पाठ केलेला, कुठल्याही विषयाला चालेल असा. मग "एका बाजूला, दुसऱ्या बाजूला" करत लेखिकेचं मत शेवटच्या ओळीपर्यंत लपलेलं. व्याकरण बरं असतं, पण प्रश्नाला थेट उत्तर नसतं. परीक्षक सारख्याच वजनाच्या चार निकषांवर गुण देतो: प्रश्नाला उत्तर दिलंय का, मांडणी, शब्दसंपत्ती, व्याकरण. पहिल्या निकषात पाच पडले की बाकी तीन सातच्या आसपास असूनही एकूण खाली ओढलं जातं. हा आजार असेल तर तीन आठवड्यांत बरा होतो, परीक्षा बदलायची गरज नसते. पण वाक्यागणिक काळ आणि क्रियापद चुकत असेल तर तो लांबचा आजार आहे आणि तो टोफलच्या छोट्या ईमेलमध्येही लपत नाही.

कोणता आजार आहे हे कळायला सरावातले दोन निबंध काढ. प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य तेवढं एका कागदावर उतरव आणि मूळ प्रश्न न दाखवता कुणाला तरी विचार, हा निबंध कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे? त्याला सांगता आलं नाही, तर पहिला आजार.

तुझ्यापुढचे मार्ग आता मोजकेच आहेत आणि त्यांना घड्याळ लागलेलं आहे. कॉम्प्युटरवर दिलेल्या आयईएलटीएसला वन स्किल रिटेकची सोय आहे. फक्त एक विभाग पुन्हा देता येतो, मूळ परीक्षेपासून 60 दिवसांच्या आत, आणि एका परीक्षेमागे एकदाच. तीन आठवडे गेलेत, म्हणजे तुझ्याकडे साधारण साडेपाच आठवडे उरलेत. रायटिंग 6.5 आलं तर बेरीज 27.5, सरासरी 6.875, ओव्हरऑल तेच 7, पण "प्रत्येक विभागात 6.5" ही अट पूर्ण. नवं निकालपत्र मिळतं त्यात तीन जुने आणि एक नवा विभाग असतो. जुनं निकालपत्रही तुझ्याकडे राहतं, त्यामुळे रायटिंग घसरलं तरी नुकसान फक्त पैशाचं. फी पूर्ण परीक्षेपेक्षा कमी असते, पप्पांना हे सांग.

मात्र सगळी विद्यापीठं वन स्किल रिटेकचं निकालपत्र घेत नाहीत. काही ठिकाणी "एकाच बैठकीतले गुण हवेत" असं स्पष्ट लिहिलेलं असतं. टोफलच्या मायबेस्ट स्कोरलाही हीच अडचण. त्यात दोन वर्षांतल्या सगळ्या परीक्षांमधले प्रत्येक विभागाचे चांगले गुण एकत्र करून दाखवतात, पण ते मानायचे की नाही हे विद्यापीठ ठरवतं. मागे यावलच्या एका मुलीने रिटेक देऊन झाल्यावर चौकशी केली. तिच्या यादीतल्या चार कोर्सपैकी दोन ठिकाणी ते चाललं नाही. आधी विचारलं असतं तर तेवढ्याच तयारीत तिने पूर्ण परीक्षा दिली असती.

फेरतपासणीचा पर्यायही आहे. निकालानंतर ठरलेल्या मुदतीत अर्ज केला तर दुसरा वरिष्ठ परीक्षक तपासतो आणि गुण बदलले तर फी परत मिळते. रायटिंग आणि स्पीकिंग माणसं तपासतात, म्हणून बदल होतो तो तिथेच होतो. तुझे बाकीचे विभाग 6.5 ते 7.5 आणि रायटिंग 6. ही दरी एवढी मोठी नाही की मी तुला त्यावर भरवसा ठेवायला सांगीन. बाकी तिन्ही विभागांशी दीड बँडची दरी असती तर सांगितलं असतं. शिवाय निकालाची वाट बघण्यात रिटेकचे दिवस निघून जातात.

यूकेच्या बाबतीत अजून एक वाट आहे, प्री-सेशनल. अट अर्ध्या बँडने हुकली तर विद्यापीठ सशर्त ऑफर देतं आणि कोर्सआधी काही आठवड्यांचा इंग्रजीचा वर्ग करायला सांगतं. त्यासाठी अनेकदा साधी आयईएलटीएस चालत नाही, आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय लागते. प्रश्नपत्रिका तशीच, पण नोंदणी आणि निकालपत्र वेगळं. टोफल 2014 पासून यूके व्हिसासाठी मान्य परीक्षांच्या सरकारी यादीत नाही. तेव्हा प्री-सेशनलची शक्यता ठेवायची असेल तर टोफलच्या नादी लागू नकोस. प्री-सेशनलची फी आणि तिथला राहण्याचा खर्च लाखांत जातो, त्यापुढे एका विभागाची रिटेक फार स्वस्त.

घरून टोफल देण्याबद्दलही विचारशील, म्हणून आधीच सांगतो. घरी द्यायची सोय आहे, पण खोलीत तू एकटी हवीस, कॅमेरा सतत चालू, कोणी आत डोकावलं तरी परीक्षा रद्द होऊ शकते. अमळनेरला उन्हाळ्यात दुपारी वीज जाते तेव्हा इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालतो, राउटरचं काय? काही विद्यापीठं घरून दिलेला स्कोर घेतही नाहीत. रात्रीच्या गाडीने पुण्याला किंवा दिवसा नाशिकला जाऊन केंद्रावर परीक्षा दिलेली बरी. फक्त एक लक्षात घे: टोफलच्या केंद्रात स्पीकिंगच्या वेळी आजूबाजूचे सगळे एकदमच माइकमध्ये बोलत असतात. आयईएलटीएसला समोर किंवा व्हिडिओवर एक माणूस असतो, अकरा ते चौदा मिनिटं. आपल्याकडची मुलं माणसासमोर जास्त खुलतात असा माझा अनुभव. तू माइकसमोर मोकळी बोलतेस की माणसासमोर, हे तुझ्या असिस्टंटशिपच्या हिशोबाला रायटिंगपेक्षा जास्त महत्त्वाचं ठरेल.

माझ्या मते तुझ्यासाठी क्रम असा. या आठवड्यात यूकेच्या कोर्सची यादी पक्की कर आणि त्यातले "प्रत्येक विभागात 6.5" वाले कोर्स वेगळे काढ. असे कोर्स एक-दोनच निघाले आणि ते तुझ्या पहिल्या पसंतीचे नसतील तर काहीच देऊ नकोस, आहे त्या 7 वर अर्ज कर. तीन किंवा जास्त निघाले तर प्रत्येकाला ईमेलने विचार की वन स्किल रिटेकचं निकालपत्र चालेल का. ईमेलमध्ये कोर्सचं नाव, प्रवेशाचं सत्र आणि तुझे चारही आकडे लिही, नुसतं "माय आयईएलटीएस इज सेव्हन" लिहून पाठवलंस तर उत्तर "होय, चालेल" असं येईल आणि ते उत्तर चुकीच्या प्रश्नाचं असेल. होकार आले की मूळ परीक्षेपासून पन्नासाव्या दिवसाच्या आतली रिटेकची तारीख घे, शेवटच्या आठवड्यात जागा मिळेलच असं नाही. नकार जास्त आले तरच पूर्ण परीक्षेचा विचार, आणि ती आयईएलटीएस की टोफल हे तुझ्या वहीतले दोन रकाने सांगतील. यादी तयार झाली की इथेच टाक, रकाने मी तपासून देतो.